रोजनिशीसाठी भावनांचे शब्द: 'वाईट वाटलं'च्या पोटात काय काय असतं?

पारिजात_ठाणे

नमस्कार मंडळी,

जानेवारीपासून रोज रात्री झोपण्याआधी पानभर लिहिते. परवा मागची पानं चाळायला बसले आणि स्वतःचीच लाज वाटली. तीन महिन्यांत 'वाईट वाटलं' ३१ वेळा, 'राग आला' १४ वेळा, 'कंटाळा आला' ९ वेळा. उरलेले दिवस 'बरा गेला'. सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशी वाईट वाटलं आणि पार्सलमधून चुकीच्या मापाचा कुर्ता आला त्या दिवशीही वाईटच वाटलं.

म्हणून शब्दांची यादी करायला घेतली. आधी ते इंग्रजी भावनाचक्र छापून फ्रीजवर लावलं होतं. मधे सहा-सात मूळ भावना, बाहेर पाकळ्यांसारखे बारीक शब्द. त्याचं एक मराठी रूपही मिळालं, पण तिथेच घोळ. 'ओव्हरव्हेल्म्ड'ला 'भारावलेले' केलंय. आपण भारावतो ते कुणाचं तरी मोठं काम बघून. घर आणि ऑफिस एकदम अंगावर येतं तेव्हा कोण भारावतं? 'फ्रस्ट्रेटेड'ला 'निराश'. लोकल तिसऱ्यांदा चुकली की मी निराश होत नाही, वैतागते. शेवटी चक्र काढून टाकलं आणि घरात, ट्रेनमध्ये, फोनवर आपण जे शब्द बोलतो तेच टिपायला लागले. पाच घरं केली आहेत: राग, दुःख, भीती, लाज, आनंद. किळस आणि आश्चर्य ठेवलेली नाहीत, माझ्या वहीत ती फिरकत नाहीत.

अडलंय ते दुःखाच्या घरात. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, हळहळ, खंत. पाचही शब्द मला 'येतात', पण कुठला कधी लिहायचा ते सांगता येत नाही. उदाहरणच देते. मंगळवारी समोरच्या काकू गेल्या. अकरा वर्षं दाराला दार. मला खाली जाऊन भेटायचं होतं, पण दहाला संपणारा कॉल दहा चाळीसला संपला. धावत गेले तर वॉचमन म्हणाला, "आत्ताच गेला की टेम्पो, सिग्नलला असेल." त्या रात्री वहीत लिहिलं: 'वाईट वाटलं.' आता सांगा, हे पाचातलं काय?

शांतीदूत_६२

काकूंच्या आत्म्यास सद्गती लाभो. अकरा वर्षांचा शेजार म्हणजे घरचंच माणूस. धीर धरा ताई.

पारिजात_ठाणे

अहो काका, नाही नाही! काकू नाशिकला मुलाकडे राहायला गेल्या. सामानाचा टेम्पो होता. काकू ठणठणीत आहेत, काल व्हॉट्सॲपवर गुळाच्या चहाचा फोटो पाठवलाय.

शांतीदूत_६२

माफी असावी. 'गेल्या' वाचलं आणि टेम्पोच्या जागी मला शववाहिका दिसली. आता माझ्यासाठीही एक शब्द शोधा.

कोल्हापुरी_तिखट

ओशाळणे. घ्या, लाजेच्या घरात पहिला शब्द पडला.

जुनीवही

धागा आवडला. मी ३२ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि या पाच शब्दांवर दरवर्षी 'वाक्यात उपयोग करा' घातलं. मुलं दरवर्षी पाचही एकाच वाक्यात बसवायची: 'सहल रद्द झाल्याने मला हुरहूर / रुखरुख / चुटपुट लागली.' त्यांना गुण द्यावे लागायचे, कारण वाक्य चुकीचं नसायचं, पण मजा निघून जायची.

मी त्यांना दोन प्रश्न विचारायला लावायचे. पहिला: काय गेलं ते बोट ठेवून दाखवता येतं का? दुसरा: ते अजून करता येण्यासारखं आहे का?

चुटपुट म्हणजे थोडक्यात हुकलेलं. एका गुणाने नंबर गेला, हातातली कैरी कुंपणापलीकडे पडली, तिकिटाच्या खिडकीवर आपल्या पुढच्या माणसापाशी तिकिटं संपली. जवळ आलं होतं म्हणून लागते. लांबून हुकलं तर चुटपुट नाही लागत. शंभर माणसांच्या मागे असताना तिकिटं संपली तर आपण चहा प्यायला जातो.

रुखरुख म्हणजे करायचं राहून गेलेलं. इथे अंतर महत्त्वाचं नाही, आपला वाटा महत्त्वाचा. मला करता आलं असतं आणि मी केलं नाही. म्हणून ती थांबून थांबून परत येते, बुटात गेलेल्या खड्यासारखी. चालत राहिलं की विसरतो, पाय वळवला की टोचतो.

हळहळ बहुतेक वेळा बघणाऱ्याची असते. गारपिटीत शेजाऱ्याची द्राक्षबाग झोपली आणि गाव हळहळलं. ज्याची बाग गेली तो हळहळत नाही, तो खचतो. स्वतःच्या गेलेल्या गोष्टीबद्दलही हळहळ म्हणतात, पण त्यात जरा लांबून स्वतःकडे बघणं असतं.

खंत जुनी असते आणि विचार करून ठरलेली असते. ती चारचौघांत सांगता येते, म्हणून सभेत लोक 'खंत व्यक्त करतात'. रुखरुख कुणी व्यासपीठावरून व्यक्त केलेली ऐकलीय? त्याच दिवशीच्या गोष्टीला खंत म्हणू नका, तिला मुरायला वेळ लागतो.

आणि हुरहूर या चौघींपेक्षा निराळी. तिला पहिल्या प्रश्नाचं उत्तरच देता येत नाही. संध्याकाळी दिवे लागणीला लागते, प्रवासाच्या आदल्या रात्री लागते, मुलगी वसतिगृहात गेल्यावर तिच्या खोलीत कपडे वाळत घालताना लागते. ती मागे बघते तशी पुढेही बघते. त्यामुळे तुमच्या यादीत ती दुःखाच्या घरात अर्धी आणि भीतीच्या घरात अर्धी येईल. उंबऱ्यावर ठेवा.

तुमच्या मंगळवारचं म्हणाल तर मला तिथे एक नाही, दोन दिसतात. पण आधी तुम्ही सांगा.

तर्ककर्कश

छान आहे, पण मूळ प्रश्न: शब्द बारीक केल्याने नक्की होतं काय? दुखतंय ते दुखतंयच. 'रुखरुख' लिहिलं म्हणून कमी दुखणार का? काही पुरावा आहे की नुसती हौस?

रेवा_स

पुरावा आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या लीबरमन आणि सहकाऱ्यांचा २००७ चा प्रयोग आहे. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि मेंदूचं स्कॅन केलं. एकदा चेहऱ्याखाली भावनेचा शब्द निवडायचा, एकदा त्या माणसाला शोभेल असं नाव निवडायचं. भावनेचा शब्द निवडताना मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, म्हणजे अमिग्डालाची, हालचाल कमी झाली. नाव निवडताना तसं झालं नाही. पण लक्षात घ्या, तिथे मोजके सोपे शब्द होते. रुखरुख की चुटपुट हे तिथे कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा पेनेबेकर आणि बील यांचा १९८६ चा. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहिलं. एका गटाने फक्त घडलेलं, एकाने फक्त भावना, एकाने दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. आणि हे कुणी सांगत नाही: लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. त्यामुळे रात्री वही मिटल्यावर जड वाटलं तर शब्द चुकला असं समजू नका.

पारिजातताई, यात तुमच्यासाठी एक गोष्ट आहे. नुसतं 'वाईट वाटलं' किंवा नुसतं 'रुखरुख लागली', दोन्ही अपुरं. शेजारी घटना हवी.

पारिजात_ठाणे

हे अगदी खरं निघालं. जुनीवही सरांचं वाचून मी ३१ 'वाईट वाटलं' परत लावायला बसले. फक्त १७ लागले. उरलेल्या १४ ठिकाणी काय झालं होतं तेच लिहिलेलं नाही. '१२ फेब्रुवारी. वाईट वाटलं. लवकर झोपले.' आता या बाईला काय झालं होतं, देव जाणे.

जुनीवही

सर नाही, बाई म्हणा. 😊

पारिजात_ठाणे

अगं बाई! शांतीदूत काका, सरका थोडं, मीही आले ओशाळ्यांच्या बाकावर.

भरतवाक्य

एवढी खटपट कशाला? आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी यादी तयार आहे. नाट्यशास्त्रात नऊ रस, म्हणजे नऊ मूळ भावना, आणि त्यांच्याखाली ३३ व्यभिचारी भाव. घ्या उतरवून. परदेशी चक्रं आणि आपण त्यांची भाषांतरं करत बसायचं, कमाल आहे.

जुनीवही

भरतवाक्य, तुमचं निम्मं बरोबर आहे. मूळ भावांखाली बारीक भाव लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, हे खरं. पण रस म्हणजे भावना नव्हे. रस प्रेक्षकाला मिळतो, भाव पात्राचा असतो. रंगमंचावरची बाई शोक करते आणि मी खुर्चीत बसून करुण रस चाखते, मला घरी जाऊन जेवायचं असतं. रोजनिशीत आपण खुर्चीत नसतो. शिवाय भरताच्या मोजणीत स्थायी भाव आठ आहेत. नववा शांत रस पुढे जोडला गेला.

आता ३३ ची यादी वहीत उतरवून बघा. त्यात निद्रा आहे, व्याधी आहे, अपस्मार आहे, मरणही आहे. नटाला ती दाखवावी लागतात म्हणून आहेत. 'आज दुपारी मला मरण आलं' असं लिहून संध्याकाळी भाजी आणायला कसं जाणार? आणि त्यातला 'त्रास' म्हणजे एकाएकी दचकून घाबरणं, वीज कडाडल्यावर होतं ते. आपण त्रास म्हणतो ते वेगळंच. जुना शब्द उचलला की जुना अर्थ बरोबर येतोच असं नाही.

दोन मात्र जरूर घ्या, मराठीत त्यांना नेमके एकेरी शब्द नाहीत. अमर्ष: अपमान झाला, गिळावा लागला, पण पचला नाही. आणि अवहित्थ: आतलं तोंडावर दिसू न देणं. पगारवाढीच्या मीटिंगमध्ये हसत बसलेला प्रत्येक माणूस अवहित्थात असतो.

कोल्हापुरी_तिखट

अवहित्थ! उद्या साहेबांसमोर वापरतो. त्यांना वाटेल आजार झालाय.

भरतवाक्य

रस आणि भावाचा फरक मान्य. पण अवहित्थ जर भावना धरलीत तर ती भावना कुठे, ते तर भावना लपवणं आहे. म्हणजे तुमचंही निम्मंच बरोबर.

जुनीवही

हो. कबूल.

मावशी_एडिसन

नमस्कार. माझा नातू सहा वर्षांचा आहे, इथे न्यू जर्सीत पहिलीत. त्याच्या वर्गात असेच भावनांचे चेहरे लावलेत. त्याच्यासाठी मराठी कार्डं करायची आहेत. सोपे दहा शब्द चित्रांसकट मिळतील का?

रेवा_स

मावशी, हा धागा मोठ्यांच्या वहीसाठी आहे, पण त्याच्यासाठी दहाही नकोत. राग, रडू, भीती, मजा इथून सुरू करा आणि पाचवा 'रुसलो' द्या. सहा वर्षांच्या मुलाला रुसवा पक्का कळतो.

मावशी_एडिसन

रुसवा त्याला येतो, शब्द नाही. मी त्याला काल विचारलं, आजी भारतात गेली की तुला काय होतं? तो इंग्रजीत म्हणाला, 'आय मिस यू'. मला मराठीत सांगता येईना. 'आठवण येते' म्हटलं, पण आठवण तर गोड पण असते.

वऱ्हाडी_ठेचा

मावशी, 'करमत नाही' म्हना त्याले. आजी गेली की मले करमत नाही. आमच्या इकडं माहेरवाशीण परत गेली की घरातल्या साऱ्याइले तेच होते. घर तेच, टीव्ही तोच, पन करमत नाही.

गंमत पहा, हा शब्द नाहीवालाच चालते. 'मले खूप करमून राहिलं' असं कोनी सहसा म्हनत नाही. असते तवा कळत नाही, गेलं की कळते.

मावशी_एडिसन

अगदी हेच. किती वर्षांनी ऐकला. एडिसनमध्ये पहिला हिवाळा मला करमलं नव्हतं, आणि मी डॉक्टरला सांगितलं होतं की झोप येत नाही.

पारिजात_ठाणे

'करमत नाही' माझ्या यादीत नव्हताच! मी नामं शोधत होते आणि हे क्रियापद निसटलं. आता परत सगळ्या क्रियापदांकडे बघायला हवं. हिरमुसणे, गलबलणे, वरमणे, बावरणे, हरखणे… यांची नामं केली की जीवच जातो.

जुनीवही

क्रियापदांचं निघालंच आहे तर माझं एक जुनं निरीक्षण. मराठीत भावना कशी 'होते' ते तिच्या शेजारच्या क्रियापदावरून कळतं. राग येतो, कंटाळा येतो, वीट येतो, किळस येते: आलेली गोष्ट जाते. धक्का बसतो, धसका बसतो, चटका बसतो: एकदम, एका फटक्यात. हुरहूर लागते, चुटपुट लागते, काळजी लागते, घोर लागतो, लळा लागतो, ओढ लागते: लागलेलं सुटता सुटत नाही. 'काळजी वाटते' आणि 'काळजी लागलीय' यांत फरक आहे की नाही? पहिलीत मी जेवते, दुसरीत ताट समोर असतं.

आणि चौथं 'धरणे'. राग येतो, पण मी राग धरते. आकस धरते, डूख धरते. तिथे हात माझा आहे. वहीत 'राग आला' लिहायचं की 'राग धरलाय', एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ.

तर्ककर्कश

सुंदर सिद्धांत, पण ठेच लागते ती काय आठवडाभर लागलेली असते? भूक लागते, जेवलं की संपली. आणि 'लाज वाटते' कुठल्या रकान्यात? दोन-चार उदाहरणं जुळली की नियम झाला, असं व्याकरणात चालत नाही.

जुनीवही

नियम म्हटलं नाही, निरीक्षण म्हटलं. भूक तुमच्याच विरोधात जाते, जेवेपर्यंत ती सुटत नाही. ठेचेचं उत्तर माझ्याकडे नाही. पण 'त्याचं बोलणं मला लागलं' म्हणतो तेव्हा ठेचेसारखंच क्षणात लागतं आणि वर्षानुवर्षं राहतं. ते दोन्हीकडचं आहे. 'वाटणे' मात्र सगळ्यांना उघडं दार आहे, त्यातून काही कळत नाही हे मान्य. म्हणूनच 'वाईट वाटलं' इतकं सोपं जातं.

कोल्हापुरी_तिखट

दुःखावर एवढं मंथन झालं, रागाकडं कोण बघणार? आमच्यात राग एकच. येतो, ओरडतो, संपतो. त्याला पाच नावं ठेवून काय करायचं?

रेवा_स

तिखटराव, राग आला की काय करायचं ते त्याच्या नावावरून बदलतं, म्हणून. चीड आणि चिडचिड घ्या. शब्द एकाच मुळाचे, गोष्टी दोन. चीड कशाची तरी असते: रांगेत घुसणाऱ्याची, खोटं बोलणाऱ्याची. तिला बोट दाखवता येतं. चिडचिडीला बोट दाखवायला गेलं की जो समोर असेल त्याच्यावर जातं. बहुतेक वेळा ती झोपेची, भुकेची, नाहीतर उकाड्याची असते. चिडचिडीला चीड समजून भांडण काढलं की दुसऱ्या दिवशी भांडणाचं कारणच आठवत नाही.

वैतागात पुन्हा पुन्हा तेच होणं असतं. एकदा सर्व्हर बंद पडला तर वैताग नाही, चौथ्यांदा पडला की वैताग. आणि रुसवा तर परक्यावर येऊच शकत नाही. जो समजूत काढायला येईल अशी आशा असते त्याच्यावरच आपण रुसतो. बँकेतल्या माणसावर कुणी रुसतं का?

एक गाळणी मात्र लावा. थयथयाट, आदळआपट, तणतण, त्रागा हे राग दिसतो कसा त्याचे शब्द आहेत. बघणारा ते आपल्याबद्दल वापरतो. स्वतःच्या वहीत ते आले की ओळखावं, आपण स्वतःला नवऱ्याच्या किंवा आईच्या डोळ्यांनी बघतोय. तसंच 'दुर्लक्ष केल्यासारखं वाटलं', 'फसवल्यासारखं वाटलं'. ही समोरच्याबद्दलची तक्रार झाली. खरी असेलही, पण तुम्हाला काय झालं ते त्यात नाही. पुढे विचारा: दुर्लक्ष केलं, मग मला काय झालं? अपमान? रुसवा? पोरकं वाटलं? की खरं सांगायचं तर हायसं वाटलं?

पारिजात_ठाणे

रेवाताई, तुमचं वाचून आत्ता १४ 'राग आला' उघडले. यांच्या शेजारी घटना लिहिलेल्या आहेत, रागात मी बरीच तपशीलवार असते वाटतं. निकाल: ८ चिडचिड, ३ वैताग, २ रुसवा, १ चीड. आठ चिडचिडींपैकी सहा संध्याकाळी सात ते नऊच्या मधल्या, ऑफिसातून येऊन कुकर लावायच्या वेळेच्या. म्हणजे तीन महिने मी ज्याला नवऱ्यावरचा राग समजत होते ती बरीचशी भूक होती. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी लग्नापासून सांगतोय." यावर जे झालं त्याला चीडच म्हणतात, त्यात शंका नाही.

कोल्हापुरी_तिखट

😂 बरं, पटलं. स्टेशनवर वडापाव खाऊन घरी येत जावा.

सुन्नशांत

पहिल्यांदाच लिहितोय. यादीत माझ्या उपयोगाचं काही सापडलं नाही. वडील गेल्याला पाच महिने झाले. खरंच गेले. रात्री लिहायला बसलो की काहीच वाटत नाही. दुःख नाही, रडू नाही. कोणत्या घरात लिहू?

रेवा_स

'सुन्न' लिहा, घर शोधू नका. 'बधिर' हाही त्याच्या शेजारचाच शब्द. वाटणं थांबलंय असं ते सांगतात आणि वडील गेल्यावर असं होणं काही विचित्र नाही. शब्द सुचला नाही तर शरीर लिहा: हात गार, जबडा घट्ट, चार वाजता जाग. घटना लिहा, मग ती कितीही छोटी असो. आणि झोप-जेवण अजूनही विस्कटलेलं असेल तर वही बाजूला ठेवून कुणाला तरी प्रत्यक्ष भेटा. मी व्यनि करते.

सुन्नशांत

चार वाजता जाग येते हे तुम्ही कसं ओळखलंत? त्यांचं औषध चारला द्यायचं असायचं. व्यनि करा.

पारिजात_ठाणे

सुन्नशांत, मी यादीत पाच घरांच्या बाहेर एक ओसरी काढतेय. सुन्न, बधिर, 'कसंतरीच होतंय', हे तिथे बसतील. हुरहूर उंबऱ्यावर आहेच.

आतापर्यंतची यादी अशी झालीय. आधी ११० शब्द होते, रात्री अकरा वाजता ११० शब्द वाचून कुणी निवडत नाही, सुंदर दिसेल तो उचलतं. दोन दिवस मी 'विषण्ण' लिहिलं, केवळ लिहायला छान वाटतं म्हणून. म्हणून जे मी तोंडाने बोलते तेच ठेवले.

रागात चिडचिड, वैताग, चीड, संताप, रुसवा, लागलं, आणि मनात धरलंय.
दुःखात चुटपुट, रुखरुख, खंत, हिरमोड, करमत नाही, गलबलून आलं.
भीतीत धाकधूक, धास्ती, दडपण, घालमेल, घोर लागलाय.
लाजेत संकोच, ओशाळले, अवघडले, कानकोंडी झाले, टोचणी.
आनंदात हायसं वाटलं, हुरूप, निवांत, अप्रूप, हरखले, समाधान.

'हळहळ' काढली, ती मी बातम्या बघताना करते, वहीत नाही. अमर्षाबद्दल अजून ठरत नाही.

भरतवाक्य

आनंदात 'कौतुक' घाला. स्वतःचं कौतुक वाटलं असं लिहायला आपल्याला जड जातं, म्हणूनच घाला.

वऱ्हाडी_ठेचा

आणि 'जीव भांड्यात पडला'. हायसं वाटण्याच्या आधी घोर लागलेला असावा लागते, नाहीतर भांडं रिकामंच.

तर्ककर्कश

टोचणी लाजेत का? ती तर अपराधीपणाची. लाज दुसऱ्याने बघितल्याची असते, टोचणी कुणी बघितलं नाही तरी असते.

पारिजात_ठाणे

हं. मग तिला रुखरुखीशेजारी नेऊ का? पण रुखरुख न केल्याची, टोचणी केल्याची… उद्या बघते. दोन्हीकडे पेन्सिलने लिहून ठेवते.

जुनीवही

आणि तो मंगळवार? उत्तर दिलंच नाहीत.

पारिजात_ठाणे

हो बाई, विसरले नाही. मंगळवारी खाली धावले आणि टेम्पो सिग्नलला होता, ती चुटपुट. दहा मिनिटांचीच होती, बुधवारी उरली नव्हती. गुरुवारी ऑफिसातून आले, समोरच्या दाराला कुलूप, दारासमोरची रांगोळी अर्धी पुसलेली. तेव्हा जे झालं त्याला आता शब्द मिळाला, करमत नाही. पण आज सकाळी भांडी लावताना वरच्या फळीवर काकूंचा स्टीलचा डबा दिसला. होळीला पुरणपोळ्या आल्या होत्या त्यातला, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. परत द्यायचा राहिलाय. आठवडाभर मला जे टोचत होतं ते टेम्पो चुकल्याचं नव्हतंच, हे होतं. बुटातला खडा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो, अजून करता येईल' असं आहे. पुढच्या रविवारी नाशिकला जाऊन येते. फक्त डबा रिकामा कसा नेऊ? आणि मला पुरणपोळ्या जमत नाहीत.

मावशी_एडिसन

बेसनाचे लाडू. टिकतात, प्रवासात फुटत नाहीत. मंद आचेवर भाज, घाई करू नकोस.

शांतीदूत_६२

आणि निघण्याआधी काकूंना फोन करा, नाहीतर पोचाल आणि त्या गेलेल्या असतील. बाजारात.